फोटोग्राफर लग्नाला आलाच नाही: ॲडव्हान्स परत मिळेल, पण नुकसान किती धरायचं?

लग्नाचा फोटोग्राफर ॲडव्हान्स घेऊन आलाच नाही, असं प्रकरण घेऊन लोक येतात तेव्हा मागणी साधारण ठरलेली असते, आमचे पैसे परत द्या आणि वर पंचवीस लाख भरपाई द्या. यातला पहिला भाग त्यामानाने सोपा आहे. दुसऱ्या भागात खरी मेख आहे, कारण हिशोब मांडायला बसलं की कागदावर नुकसान जवळपास शून्य येतं, आणि घरच्यांना तर आयुष्यभराची गोष्ट गेल्यासारखं वाटत असतं, आणि त्यांचं वाटणं अजिबात चुकीचं नाही. ग्राहक तक्रारींची कामं मी बरीच वर्षं बघतेय, त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर सांगते. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि आकडे थोडे गोल केलेत.

मुलगी मुलुंडची, मुलगा ठाण्याचा, हॉल दादरला. डिसेंबरातलं लग्न, मुहूर्त सकाळी १० वाजून ५४ मिनिटांचा. फोटोग्राफर नवी मुंबईचा, इन्स्टावर काम बघून मुलीनेच शोधलेला. पॅकेज १,२०,००० रुपयांचं ठरलं, त्यात एक कँडिड, एक ट्रॅडिशनल आणि एक व्हिडिओवाला अशी तीन जणांची टीम, टीझर आणि अल्बम. पैसे ४० टक्के बुकिंगला, ४० टक्के लग्नाच्या दिवशी आणि २० टक्के अल्बम हातात आल्यावर. बुकिंगचे ४८,००० मुलीच्या मामांनी यूपीआयने दोनदा करून भरले. करार म्हणाल तर व्हॉट्सॲपवर आलेली दोन पानी कोटेशनची पीडीएफ, खाली बारीक अक्षरात "ॲडव्हान्स नॉन-रिफंडेबल", आणि त्यानंतरचं सहा महिन्यांचं चॅट. सही वगैरे कुठेच नाही. लोक इथेच घाबरतात की सहीचा कागद नाही म्हणजे केस नाही, पण तसं काही नसतं, कोटेशन पाठवलं, होकार दिला, पैसे घेतले, की करार झाला.

लग्नाच्या दिवशी टीम सकाळी ७ ला यायची होती. साडेसातपर्यंत फोन वाजत होता, मग स्विच ऑफ. मामांनी ९ पर्यंत वाट बघितली आणि मग दादर स्टेशनजवळच्या एका जुन्या स्टुडिओत स्वतः जाऊन उभे राहिले. त्या स्टुडिओवाल्याचा माणूस दुसऱ्या कामावर होता, तो एकटा, एका कॅमेऱ्यासकट, सव्वाअकराला पोचला. म्हणजे अंतरपाट, मंगलाष्टका, हार घालणं, हे सगळं झालेलं होतं. कन्यादान अर्धं मिळालं, सप्तपदी आणि पुढचं मिळालं. त्याने १८,००० घेतले आणि त्याचं काम बरं होतं.

मुलीच्या घरी सगळ्यात जास्त लागलं ते आजीचं. आजी चिपळूणहून आली होती, व्हीलचेअरवर, डॉक्टरांनी प्रवासाला कशीबशी परवानगी दिलेली, मुहूर्त झाला की तिला लगेच झोपवावं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. ती मंगलाष्टकांना बसली आणि स्टुडिओवाला यायच्या आत तिला खोलीत नेलं.

आता हिशोब बघा.

कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चं कलम ७३ सांगतं की करार मोडला तर त्यातून सहज, नेहमीच्या ओघात जे नुकसान होतं ते मिळतं, आणि करार करताना दोघांनाही ज्या नुकसानीची कल्पना होती तेही मिळतं, लांबचं आणि आडवळणाचं मिळत नाही. तत्त्व असं की करार पाळला गेला असता तर तुम्ही जिथे असता तिथे पैशाने तुम्हाला नेऊन ठेवायचं. करार पाळला असता तर या कुटुंबाचे १,२०,००० खर्च झाले असते. प्रत्यक्षात ४८,००० गेले आणि १८,००० गेले, म्हणजे ६६,०००. उरलेले ७२,००० द्यावेच लागले नाहीत. ॲडव्हान्स परत आला की एकूण खर्च १८,००० वर येतो. म्हणजे नुसत्या पैशाच्या भाषेत बोलायचं तर फोटोग्राफर न आल्यामुळे या लोकांचे पैसे वाचले!

हे ऐकून मुलीचे वडील चिडले होते आणि मला ते समजू शकतं. त्यांनी आधी एकाकडून मसुदा करून आणला होता, त्यात ४८,००० परत, स्टुडिओवाल्याचे १८,००० वेगळे, लग्नाचा अख्खा खर्च १४ लाख वाया गेला म्हणून तेही, आणि मानसिक त्रासाचे २५ लाख. यातले १८,००० मी काढायला लावले. ते मागितले की समोरचा लगेच म्हणणार की माझं काम तुम्ही १८,००० मध्ये करून घेतलं, मग नुकसान कसलं, आणि ग्राहक आयोगाच्या डोक्यात केस पैशाच्या हिशोबावर येऊन बसणार, जिथे आपण हरतो. ती पावती लावायची, पण वेगळ्या कामासाठी. कलम ७३ मध्येच म्हटलंय की नुकसान मोजताना ते कमी करायला हाताशी काय उपाय होते हे बघितलं जाईल, तर ही पावती दाखवते की आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही, जमेल तेवढं सावरलं, आणि सावरूनही जे गेलं ते हे एवढं.

१४ लाख तर मिळूच शकत नाहीत. लग्न झालं, हॉल वापरला, लोक जेवले. फोटो निघाले नाहीत म्हणून जेवणाचा खर्च वाया गेला असं कुठलाच न्यायाधीश मानणार नाही, उलट अशी मागणी वाचून बाकीच्या खऱ्या मागणीवरचा विश्वास उडतो.

मग राहिलं काय? राहिला तो फक्त त्रास, हुरहुर, परत न येणारा प्रसंग. साध्या करार कायद्यात इथे मोठी अडचण होती. ब्रिटनच्या कोर्टांचा जुना नियम असा की करार मोडल्याने झालेल्या मनस्तापाचे पैसे मिळत नाहीत, आणि आपला करार कायदा त्याच परंपरेतला. पण ज्या कराराचा हेतूच मनाचा आनंद किंवा समाधान हा आहे तिथे हा नियम लावणं चूक, हेही तिथल्याच कोर्टांनी नंतर मानलं. गंमत वाटेल, पण यातला सुरुवातीचा एक निकाल नेमका लग्नाच्या फोटोग्राफरचाच आहे. डीसन विरुद्ध सॅमसन, स्कॉटलंडचं शेरीफ कोर्ट, १९७१. फोटोग्राफर लग्नाला आला नाही, नवरीने दावा लावला, आणि कोर्टाने मनस्तापाचे ३० पौंड दिले. कारण असं की लग्नाच्या फोटोंचा संबंध धंद्याशी नसतोच, नवरीच्या घरगुती, जिव्हाळ्याच्या भावनांशीच असतो, मग ते फोटो नाहीत तर दुसरं नुकसान काय असणार. आपल्याकडे हा निकाल बंधनकारक नाही, पण मुद्दा इतका सरळ आहे की मी तो मांडतेच.

आपल्याकडे खरा दरवाजा ग्राहक कायद्याचा आहे. सुप्रीम कोर्टाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निकालात सांगितलं की ग्राहक कायद्यातली भरपाई हा शब्द व्यापक आहे, त्यात शारीरिक, मानसिक त्रासही येतो. २०१९ च्या नव्या कायद्यात कलम ३९ खाली जिल्हा आयोग किंमत व्याजासकट परत द्यायला सांगू शकतो आणि निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाईही देऊ शकतो. म्हणून असल्या प्रकरणात दिवाणी कोर्टापेक्षा ग्राहक आयोग बरा.

पण दार उघडं आहे म्हणून वाटेल तो आकडा मागता येत नाही. दिल्लीच्या एका बड्या हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापले म्हणून राष्ट्रीय आयोगाने २ कोटी दिले होते, ते सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये रद्द केले आणि पुरावा देण्याची संधी देऊन प्रकरण परत पाठवलं. म्हणणं एवढंच की भरपाईचा आकडा पुराव्यावर ठरतो, नुसता मागितला म्हणून नाही. लोक मोठा आकडा टाकतात त्याचं एक कारण असंही आहे की आता आयोगाचं अधिकारक्षेत्र आणि फी तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फीच नाही, म्हणजे २५ लाख लिहिले तरी फुकट. पण फुकट लिहिता येतं म्हणून ते पुराव्याशिवाय मिळत नाही.

तर आमचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरलं, की जे परत करता येत नाही ते कागदावर दाखवायचं कसं.

पहिली गोष्ट चॅटमध्ये सापडली. लग्नाच्या बारा दिवस आधी मुलीने लिहिलं होतं, "दादा आजी फक्त मुहूर्तापर्यंतच बसणारे, तिला जास्त वेळ बसता येत नाही, तर ती आली की आधी तिच्यासोबतचे घ्या प्लीज, ती परत मुंबईला येईल असं वाटत नाही." आणि खाली त्याचं उत्तर, "हो ताई टेन्शन नका घेऊ, आजींचे स्पेशल घेऊ." माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात किमती पुरावा हा. कलम ७३ मधली कल्पना करार करतानाची हवी आणि हा मेसेज नंतरचा, पण त्याने होकार देऊन ते कामात धरलं, त्यामुळे "दोघांना कल्पना होती" असं म्हणायला इथे आधार मिळतो. हा मेसेज नसता तर तो म्हणू शकला असता की मला काय माहीत यांच्या आजीचं, आणि ते अगदीच चुकीचं ठरलं नसतं.

दुसरी गोष्ट, आम्ही एक तक्ता केला. कोटेशनमध्ये त्यानेच लिहिलेली यादी होती, गौरीहार, अंतरपाट, मंगलाष्टका, वरमाला, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, फॅमिली फोटो, सगळं. त्याच्यासमोर लिहिलं की याचं आज काय आहे. पाहुण्यांच्या मोबाइलवरून गोळा केलेले फोटो होते आणि घरच्यांना ते लपवायचे होते, की हे दिलं तर तो म्हणेल फोटो तर आहेतच. मी म्हटलं उलट करा, हेच लावा. अंतरपाट खाली आला त्या क्षणाचा एकच फोटो होता. मागच्या रांगेतून काढलेला, अर्ध्या फ्रेममध्ये अक्षता टाकायला वर गेलेला कुणाचातरी हात, भटजींचा खांदा, आणि नवरीच्या फक्त मुंडावळ्या दिसतायत. आजीचा एक होता, पाठमोरा, व्हीलचेअरची हँडल्स आणि अंबाडा. काय गेलं हे दहा पानी तक्रारीतून कळलं नसतं तेवढं या दोन फोटोंतून कळतं.

तिसरं म्हणजे तो का आला नाही. नोटीस गेल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं की ताप होता, उठता येत नव्हतं, कपल शूट फ्रीमध्ये करून देतो. आजारपण हा काही अगदीच टाकाऊ बचाव नाही, एखाद्या ठरावीक गवयाला बोलावलं आणि तोच आजारी पडला तर कायदा त्याला सूट देऊ शकतो. पण इथे करार तीन जणांच्या टीमचा होता, एकाला ताप आला तर बाकी दोघं कुठे होते, आणि सकाळी एक फोन तरी करता आला असता. या धंद्यात एक आजारी पडला की दुसरा फ्रीलान्सर पाठवतात, रोजच्या सवयीची गोष्ट आहे ती. आणि मुख्य म्हणजे मुलीच्या आतेभावाने त्याच रात्री त्याच्या इन्स्टाची स्टोरी बघितली होती, कर्जतच्या एका फार्महाऊसवरचं लग्न, तीच तारीख, त्या नवरीने याच्या स्टुडिओला टॅग केलेलं. स्टोरी चोवीस तासांत जाते, आतेभावाने लगेच स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवलं, प्रोफाइलचं नाव आणि वेळ दिसेल असं. साधं डबल बुकिंग होतं, मोठं काम घेतलं आणि छोटं सोडलं.

असले पुरावे लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं, पूर्वी ते ६५ ब होतं. आयोगाची पद्धत संक्षिप्त आहे, शपथपत्रांवर काम चालतं, प्रमाणपत्र नाही म्हणून तिथे लगेच बाद होईल असं नाही, पण पुढे अपिलात कुणी बोट ठेवू नये म्हणून जोडलेलं बरं. आणि चॅट नुसते स्क्रीनशॉट न काढता एक्सपोर्ट करून ठेवायचं, तेही लगेच. या पठ्ठ्याने आठवडाभरानंतर दुसऱ्या नंबरवरून मेसेज पाठवले आणि मग ते डिलीट करायला सुरुवात केली होती.

मधे घरचे पोलीस स्टेशनलाही जाऊन आले. तिथे सांगितलं की ही दिवाणी बाब आहे. लोकांना हे टोलवाटोलवी वाटतं, पण या प्रकरणात ते बरोबर होतं. फसवणुकीच्या गुन्ह्याला, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पैसे घेतानाच फसवायचा हेतू असावा लागतो. याने जूनमध्ये ॲडव्हान्स घेतला तेव्हा काम करायचंच होतं, कर्जतचं बुकिंग नंतर आलं आणि त्याने शब्द मोडला. करार मोडणं म्हणजे फसवणूक नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. एकाच तारखेसाठी दहा जणांकडून पैसे घेऊन फोन बंद करणारा असता तर गोष्ट वेगळी. तरी लेखी अर्ज देऊन शिक्क्याची प्रत घेतली होती ती उपयोगी पडली, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी यांनी हीच हकीकत सांगितली होती हे त्यातून दिसलं.

तक्रार कुणी आणि कुठे करायची यातही थोडा विचार लागला. पैसे मामांनी भरले, सेवा मुलीसाठी. कायद्यात पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच, त्यामुळे मुलगी आणि वडील तक्रारदार, मामांचं शपथपत्र. मुलगी आता ठाण्याला, फोटोग्राफर नवी मुंबईला, पण तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते म्हणून वडिलांच्या मुलुंडच्या पत्त्यावर मुंबई उपनगर जिल्हा आयोगात, वांद्र्याला. मुदत दोन वर्षांची असते, आम्ही चौथ्या महिन्यात ऑनलाइन दाखल केली. समोरच्याचं नाव मात्र नीट घालावं लागतं. स्टुडिओचं ते स्टायलिश इंग्रजी नाव म्हणजे कुणी माणूस नाही, एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मालकाचंच नाव हवं, आणि ते आम्हाला यूपीआयच्या पावतीवर मिळालं, बँक खात्याचं नाव तिथे येतं.

मागणी अशी ठेवली: ४८,००० व्याजासह परत, मानसिक त्रास आणि न भरून येणाऱ्या नुकसानीचे २,५०,०००, आणि तक्रारीचा खर्च. वडिलांना अडीच लाख कमी वाटले. मी त्यांना म्हटलं की करार १,२०,००० चा आहे, त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मागतोय, त्याला आपल्याकडे मेसेज आहे, फोटो आहेत, डबल बुकिंगचा पुरावा आहे, पंचवीस लाखांना काय आहे ते मला दाखवा.

फोटोग्राफरने मुदतीत लेखी म्हणणं दिलं. ३० दिवस असतात, आयोग फार तर १५ वाढवून देतो, त्यानंतर घेतच नाही. त्यात तीन मुद्दे होते, ताप, नॉन-रिफंडेबल आणि फ्री शूटची ऑफर. तापाचं काय झालं ते वर आलंच, डॉक्टरचं सर्टिफिकेट लग्नानंतर चार दिवसांनी घेतलेलं निघालं. नॉन-रिफंडेबलचा उद्देश गिऱ्हाईकाने ऐनवेळी बुकिंग रद्द केलं तर फोटोग्राफरची तारीख फुकट जाऊ नये एवढाच, स्वतः न येणाऱ्याला त्याचा आधार घेता येत नाही, हे आयोगाने दोन ओळींत संपवलं.

फ्री शूटच्या मुद्द्यावर मात्र बराच वेळ गेला आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. त्याचं म्हणणं, मी भरपाई द्यायला तयार होतो, यांनीच नाकारली. आम्ही तक्त्याकडे बोट दाखवलं. शालू नेसून दोघांचे पोर्ट्रेट परत काढता येतात, ते आम्ही मान्यच केलं, तेवढा भाग मागणीत धरलेलाच नाही. पण अंतरपाट दुसऱ्यांदा धरला तर ते नाटक होईल, दोनशे पाहुणे परत अक्षता घेऊन उभे राहणार नाहीत, आणि आजी चिपळूणहून येऊ शकत नाही, तिच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. परत करता येण्यासारखं आणि न येण्यासारखं असे दोन भाग आपणच प्रामाणिकपणे केले की दुसऱ्या भागाला वजन येतं, हे मी त्या सुनावणीत डोळ्यांनी बघितलं. अध्यक्षांनी आजीचा तो पाठमोरा फोटो मागून घेतला आणि त्याला विचारलं, हा मेसेज तुमचाच ना? तो हो म्हणाला.

आदेश आला त्यात ४८,००० परत, लग्नाच्या तारखेपासून वार्षिक ९ टक्के व्याजाने, मानसिक त्रासाचे ८०,००० आणि खर्चाचे १०,०००. कारणांत आयोगाने ठळकपणे दोनच गोष्टी धरल्या, एक म्हणजे लग्न हा परत न होणारा प्रसंग आहे आणि त्यातलं नेमकं काय महत्त्वाचं हे त्याला आधी सांगितलेलं होतं, दुसरी म्हणजे तो येऊ शकला नाही असं नाही, दुसरीकडे गेला. अडीच लाख का नाही, तर स्टुडिओवाल्यामुळे पुढचे विधी मिळालेत म्हणून. मला ८०,००० थोडे कमी वाटले, लाखाच्या पुढे जायला हवं होतं असं अजूनही वाटतं, पण कारणं प्रामाणिक होती.

पैसे मिळायलाही वेळ लागला. ४५ दिवसांत द्यायचे होते, त्याने दिले नाहीत. मग कलम ७१ खाली वसुलीचा अर्ज आणि सोबत कलम ७२ चा, ज्यात आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते १ लाख दंड होऊ शकतो. ७२ ची नोटीस घरी गेल्यावर त्याचा स्वतःहून फोन आला. अपील करायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, ते काही त्याने केलं नाही. अर्धे पैसे त्याने पुढच्या तारखेला डिमांड ड्राफ्टने आणले, उरलेले दीड महिन्यात खात्यावर जमा झाले, आणि तसं लेखी निवेदन, म्हणजे पुरशिस, देऊन आम्ही दोन्ही अर्ज निकाली काढून घेतले.